(0, 4) मधून दोन स्पर्शिका, त्यातली एक हरवली कुठं?

जुलैतली गोष्ट आहे. राजारामपुरीत आमची संध्याकाळची बॅच असते, ११वी सायन्सची, बाहेर पाऊस नुसता कोसळत होता आणि निम्मी पोरं भिजूनच आलेली. आदल्या दिवशी बाहेरच्या बिंदूतून पॅराबोलाला स्पर्शिका काढायची रीत झाली होती, म्हणून म्हटलं आज एक सोपं घालू आणि पुढं जाऊ. फळ्यावर लिहिलं, y² = 8x ला (0, 4) या बिंदूतून जाणाऱ्या स्पर्शिका काढा. बिंदूत शून्य आहे म्हणजे आकडेमोड कमी, एवढाच विचार मी केला होता. आणि त्या शून्यानंच पुढचा दीड तास खाल्ला. पण त्या दीड तासात डबल रूटची अट म्हणजे नेमकं काय हे जेवढं उघडं पडलं तेवढं आधीच्या आठवड्याभरात पडलं नव्हतं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय.

आधी आदल्या दिवशीचं उदाहरण सांगतो, म्हणजे पोरांच्या डोक्यात काय होतं ते कळेल. पॅराबोला y = x² आणि बिंदू (1, -3). बिंदूतून जाणारी कुठलीही तिरकी रेघ घ्या, तिचा चढ m माना, तर रेघ होते y = m(x - 1) - 3. ही रेघ पॅराबोलाला जिथं भेटते तिथं दोघांचा y सारखाच, म्हणून

x² - mx + (m + 3) = 0

हे वर्गसमीकरण भेटीच्या जागा सांगतं. दोन मुळं आली तर रेघ पॅराबोलाला दोन ठिकाणी कापते, एकही वास्तव मूळ नाही आलं तर रेघ लांबूनच जाते, आणि दोन्ही मुळं सारखी आली तर दोन भेटी एकाच जागी येऊन बसल्या, म्हणजे रेघ टेकली. मुळं सारखी यायला विवेचक शून्य पाहिजे, म्हणजे m² - 4m - 12 = 0, म्हणजे m = 6 किंवा m = -2. दोन चढ, दोन स्पर्शिका. मूळ x = m/2 असल्यामुळं टेकायच्या जागा (3, 9) आणि (-1, 1). पोरं खूश, मी पण खूश.

इथं मराठी मीडियममधून आलेल्या पोरांची एक अडचण सांगून ठेवतो. १०वीत त्यांनी "विवेचक" केलेला असतो, Δ = b² - 4ac, "मुळे वास्तव व समान" हे शब्द तोंडपाठ असतात, आणि ११वीत एकदम डिस्क्रिमिनंट, इक्वल रूट्स, टॅन्जंट असं सुरू झालं की त्यांना वाटतं ही काहीतरी नवीनच वस्तू आहे. मी दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो आणि मग पुढं जातो. हे न करता शिकवलं की पोरं रीत पाठ करतात पण ती १०वीतल्या कशाशी जोडली जात नाही.

तर त्या दिवशी दहा मिनिटांनी वह्या बघायला फिरलो. कागलकडून येणारी एक मुलगी आहे, अक्षर मोत्यासारखं, एकही पायरी गाळत नाही. तिच्या वहीत असं होतं, रेघ y = mx + 4, हे y² = 8x मध्ये घातलं,

m²x² + (8m - 8)x + 16 = 0

विवेचक (8m - 8)² - 64m² = 0, सोडवलं तर 64 - 128m = 0, m = 1/2. स्पर्शिका y = x/2 + 4. खाली दोन रेघा मारून उत्तर चौकटीत.

मी विचारलं, "दुसरी कुठं हाय?"

"एकच आली की सर. मी दोनदा चेक केलो."

तिच्या मागच्या बाकावरचा पोरगा लगेच, "सर माझ्या दोन आल्यात." त्याची वही घेतली तर त्याचं पण y = x/2 + 4 होतं आणि खाली दुसरी होती y = 4. म्हटलं ही कशी काढलीस, तर म्हणाला, "m शून्य घातला की x² जातंय सर, मग एकच उत्तर येतंय, x = 2. एकाच ठिकाणी भेटते म्हणजे स्पर्शिकाच की."

आता हे बघा, तिचं गणित सगळं बरोबर आणि उत्तर अर्धवट, याची संख्या बरोबर आणि त्यातली एक रेघ चूक. खोडून बरोबर उत्तर लिहून दिलं असतं तर पाच मिनिटांत काम झालं असतं. पण दोघांनी जे केलं ते खुळ्यागत केलं नव्हतं. त्यानं तर माझंच वाक्य वापरलं होतं, मी आदल्या दिवशी घाईघाईत "स्पर्शिका म्हणजे एकाच ठिकाणी भेटणारी रेघ" असं म्हणून गेलो होतो. वर्तुळाला ते चालतं, पॅराबोलाला चालत नाही. ते वाक्य माझं होतं, म्हणून निस्तरायचं पण मीच, म्हणून सगळ्यांना ग्राफ पेपर काढायला लावले.

अर्धा सेंटिमीटर म्हणजे एक युनिट धरलं. y = 0, 2, 4, 6, 8 ला x अनुक्रमे 0, 0.5, 2, 4.5, 8 येतो, हे बिंदू टाकले, खालच्या बाजूला आरशासारखे तेवढेच, आणि हातानं जोडून घेतलं. उजवीकडं तोंड उघडलेला पॅराबोला. (0, 4) ला टाचणी टोचली आणि पट्टी टाचणीला लावून फिरवायची. पट्टी (8, 8) ला येऊन टेकली, ही तिची रेघ, सगळ्यांना दिसली. मग पट्टी आडवी केली, y = 4. ती (2, 4) ला पॅराबोलातून सरळ आत घुसते. टेकत नाही, आत जाते आणि परत बाहेर येतच नाही. पोरगा स्वतःच म्हणाला, "ही तर आरपार गेली सर." बघितल्यावर ते मान्य झालं, पण गणितात कुठं चुकलं ते अजून सांगता येत नव्हतं.

मग मी विचारलं, टाचणीपासून दुसरीकडं कुठं पट्टी टेकते का बघा. बराच वेळ कुणाला सापडेना. सगळे पट्टी डावीकडं उजवीकडं फिरवतायत, खालून वर आणतायत. शेवटी एकजण हळूच म्हणाला, "सर उभी धरली तर?" उभी धरली म्हणजे पट्टी Y-अक्षावर आली, आणि अक्ष पॅराबोलाला शून्यात टेकतोच आहे. दुसरी स्पर्शिका म्हणजे x = 0, Y-अक्ष स्वतःच.

मला हे लई महत्त्वाचं वाटतं. ती रेघ सगळ्यांच्या कागदावर पहिल्यापासून काढलेली होती, सगळ्यात आधी काढलेली होती, आणि तरी कुणाला दिसली नाही, कारण ती अक्ष म्हणून काढली होती. त्यात पॅराबोला शून्याच्या आसपास अक्षाला इतका चिकटून जातो की y = 1 ला x फक्त 1/8 असतो, आपल्या कागदावर अर्धा सेंटिमीटर वर गेलं तरी कर्व्ह अक्षापासून अर्ध्या मिलिमीटरच्या थोडंच पुढं, पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीतच ते अंतर संपतं. म्हणजे चित्रात ती रेघ वेगळी दिसायला वावच नाही.

आता गणितात ती का हरवली? y = mx + 4 लिहिलं तेव्हाच. उभ्या रेघेला m नसतो, त्यामुळं ती या साच्यात बसतच नाही, पुढं कितीही नीट सोडवलं तरी साच्याबाहेरची रेघ उत्तरात येणार कुठून? परीक्षेसाठी पोरं y = mx + a/m हा फॉर्म्युला पाठ करून येतात, त्यात पण हेच होतं, इथं a = 2, मग 2/m = 4, m = 1/2, एकच. पाठांतरानं काम लवकर होतं पण हरवायची जागा तीच राहते.

पण मुलीचा प्रश्न माझ्यापेक्षा चांगला होता. ती म्हणाली, "पण सर चित्र काढलं नसतं तर मला कळलं कसं असतं एक राहिली म्हणून?"

याचं उत्तर तिच्याच वहीत होतं. तिच्या विवेचकात (8m - 8)² मधून 64m² आला आणि पुढच्या 64m² नं तो उडवला. m चं वर्गसमीकरण यायला पाहिजे होतं, ते साधं एकघाती आलं. मी तिला आदल्या दिवशीचं पान उघडायला लावलं, तिथं m² - 4m - 12 होतं, वर्ग शाबूत. बाहेरच्या बिंदूतून पॅराबोलाला कायम दोन स्पर्शिका निघतात, म्हणजे अटीतून दोन चढ यायला पाहिजेत. जिथं m² उडाला तिथं एक चढ "येत नाही" असं नसतं, तो अनंताला गेलेला असतो, म्हणजे रेघ उभी झालेली असते. हे खरंच तसं आहे का हे बिंदू किंचित सरकवून बघता येतं. (0, 4) च्या जागी (h, 4) घेतलं तर अट येते hm² - 4m + 2 = 0. h = 0 केलं की m² गेला. पण h अगदी बारीक, समजा -0.01 ठेवा, मग दोन मुळं येतात, एक जवळजवळ 1/2 आणि दुसरं -400 च्या आसपास. -400 चढ म्हणजे उभ्याला टेकलेलीच रेघ. h शून्याकडं न्याल तशी ती आणखी उभी होत जाते आणि h शून्य झाला की वहीतून निघून जाते. हे आकडे तिनं कॅल्क्युलेटरवर स्वतः काढले, मी नुसता उभा होतो.

तर खूण ही, m² गळाला की उभी रेघ स्वतंत्र तपासायची. x = 0 पॅराबोलात घातलं की y² = 0, म्हणजे y = 0 दोनदा. डबल रूट आहे, स्पर्शिका आहे. नुसतं "उभी रेघ पण स्पर्शिका असते" असं पाठ करून चालत नाही बरं का, घालून बघायलाच लागतं.

आता त्या पोराकडं येऊ, कारण त्याची चूक जास्त खोल आहे. m = 0 केलं तर m²x² + (8m - 8)x + 16 = 0 यातलं x² जातं आणि -8x + 16 = 0 राहतं. एकच उत्तर, x = 2, इथपर्यंत तो बरोबर. पण हे एक उत्तर आणि दोन सारखी उत्तरं यात फरक आहे. डबल रूटच्या अटीत "डबल" हा शब्द काम करतोय, वर्गसमीकरणाची दोन मुळं असतात आणि ती दोन्ही एकाच जागी आली पाहिजेत. x² च गेला तर ते वर्गसमीकरणच राहिलं नाही, तिथं दोन मुळं एकत्र आली असं म्हणताच येत नाही. आणि विवेचकात m = 0 घालून बघा, 64 - 128m म्हणजे 64 येतं, शून्य नाही. म्हणजे अटीनं y = 4 ला स्पर्शिका म्हटलंच नव्हतं, त्यानंच बाहेरून आणून बसवली होती.

तो म्हणाला, "मग दुसरं मूळ गेलं कुठं सर?" हा प्रश्न मला फार आवडला. म्हटलं चल शोधू.

इथं मी रेघ उलटी लिहायला लावली. y हा x मधून न सांगता x हा y मधून सांगायचा, x = n(y - 4). n म्हणजे चढाचा उलटा, y एक वाढला की x किती सरकतो ते. ही रेघ पण (0, 4) मधूनच जाते, y = 4 घातलं की x शून्य. आता पॅराबोलात x च्या जागी हे घाला,

y² - 8ny + 32n = 0

इथं y² चा सहगुणक कायम 1 आहे, n काहीही असो तो जात नाही, म्हणजे हे नेहमी वर्गसमीकरणच राहणार आणि विवेचक वापरायला कसलीच अडचण नाही. विवेचक 64n² - 128n = 0, म्हणजे n(n - 2) = 0, n = 0 किंवा n = 2. दोन्ही स्पर्शिका एका झटक्यात. n = 0 म्हणजे x = 0, आणि n = 2 म्हणजे x = 2(y - 4), म्हणजेच y = x/2 + 4. मूळ y = 4n, म्हणून टेकायच्या जागा y = 0 आणि y = 8, म्हणजे (0, 0) आणि (8, 8). वर्गात आवाजच आला "अरे!" असा.

मग पट्टी परत हातात घ्यायला लावली आणि n बदलत बदलत मुळं काढली, कारण दोन भेटी जवळ येताना डोळ्यानं बघितल्याशिवाय डबल रूट मनात बसत नाही. n = 2.5 ला मुळं 5.53 आणि 14.47. n = 2.1 ला 6.57 आणि 10.23. म्हणजे खालचा बिंदू वर चाललाय आणि वरचा खाली येतोय, n = 2 ला दोघं 8 वर भेटतात, आणि n = 1.9 केलं की विवेचक ऋण, पट्टी पॅराबोलाला शिवतच नाही. तिथून n = 0 पर्यंत पट्टी मोकळीच फिरते. n = 0 ला परत दोन मुळं शून्यावर एकत्र, आणि n = -0.1 केलं की ती फुटतात, 1.43 आणि -2.23. म्हणजे स्पर्शिका ही कापणाऱ्या रेघा आणि न शिवणाऱ्या रेघा यांच्या मधली हद्द आहे, आणि आपल्या बिंदूतून अशा दोन हद्दी आहेत.

आता त्याचं हरवलेलं मूळ. पट्टी y = 4 कडं न्यायची म्हणजे आडवी करायची, आडवी करायची म्हणजे n मोठा मोठा करत जायचा. n = 100 घेतलं, y² - 800y + 3200 = 0, मुळं 4.02 आणि 795.98. पहिलं मूळ 4 च्या जवळ येऊन बसलंय, म्हणजे (2, 4) जवळची भेट, ती आपल्याला दिसते. दुसरी भेट y = 795.98 ला, तिथं x किती? y²/8, म्हणजे 79,000 च्या वर. आपल्या कागदावर अर्धा सेंटिमीटर एक युनिट धरलं तर कागद जवळजवळ चारशे मीटर लांब पाहिजे, धावायच्या ट्रॅकचा एक पूर्ण राऊंड सरळ केला तर जेवढा होईल तेवढा. n आणखी वाढवला की ती भेट आणखी लांब पळते, आणि पट्टी पुरती आडवी झाली की ती कुठंच राहत नाही. तर y = 4 च्या बाबतीत दोन भेटी एकत्र आल्या नाहीत, एक भेट पळून गेली. भेटी मोजल्या तर दोन्ही वेळा एकच दिसते, पण एकात दोन मिसळून एक झाल्यात आणि दुसऱ्यात दोनातली एक निघून गेलीय. पोरगा गप्प बसला होता, मग म्हणाला, "म्हणजे मोजून कळत नाही सर, मुळं बघायला लागतात." बरोबर हेच.

आणि म्हणूनच x = n(y - 4) हा साचा या पॅराबोलाला फिट बसतो. या साच्यात पण एक रेघ मावत नाहीच, ती म्हणजे आडवी y = 4. पण आडव्या रेघा y² = 8x च्या आसाला समांतर असतात, आणि आसाला समांतर रेघ पॅराबोलाला कधीच स्पर्शिका होत नाही, ती एकदा कापून आत जाते. म्हणजे या साच्यात जी हरवते ती हरवलेली चालते, आणि y = mx + c मध्ये जी हरवते ती हवी असते. y = x² सारख्या उभ्या पॅराबोलाला उलट, तिथं y = mx + c च बरोबर आहे, कारण तिथं आस उभा. मी पोरांना एवढंच सांगितलं की ज्या अक्षराचा वर्ग समीकरणात आहे ते ठेवा आणि ज्याचा वर्ग नाही त्याच्या जागी रेघ घाला. y² = 8x मध्ये x ला वर्ग नाही, मग रेघ x = ... अशी लिहून x घालवा. वर्गसमीकरणाचा पहिला सहगुणक मग कधीच शून्य होत नाही आणि दोन्ही सापळे एकदमच टळतात.

ही रीत जुनी आहे तशी. रने देकार्तनं १६३७ साली आपल्या भूमितीच्या ग्रंथात कर्व्हला लंब रेघ काढायला हाच विचार वापरला होता, फक्त त्यानं रेघेऐवजी वर्तुळ घेतलं, कर्व्हला दोन ठिकाणी कापणारं वर्तुळ असं निवडायचं की समीकरणाची दोन मुळं सारखी व्हावीत. तेव्हा कॅल्क्युलस आजच्या रूपात नव्हतं. आमची पोरं ११वीत पॅराबोला करतात तेव्हा त्यांचं पण डेरिव्हेटिव्ह अजून नीट झालेलं नसतं, त्यामुळं मला ही रीत आधी शिकवणं जास्त पटतं. पण मर्यादा पण सांगायला पाहिजे, ही सोपी जाते ती वर्गसमीकरण मिळतं तोवरच. घनाचा कर्व्ह y = x³ घेतला तर तिसरं मूळ पण येतं, नुसता b² - 4ac पुरत नाही.

पुढच्या तासाला मी बिंदू मोकळा सोडला, (h, k). रेघ x = n(y - k) + h, पॅराबोलात घातली, विवेचक शून्य केला, सगळं 32 नं भागलं की राहतं

2n² - kn + h = 0

आता n चं हे वर्गसमीकरणच सांगतं किती स्पर्शिका निघणार, त्याचा स्वतःचा विवेचक k² - 8h. हा धन असेल तर दोन, शून्य असेल तर एक, ऋण असेल तर एकही नाही. आणि k² - 8h कडं नीट बघा, y² - 8x मध्ये बिंदू घातला की हेच येतं, म्हणजे बिंदू पॅराबोलाच्या बाहेर, वर का आत, हे तपासायचा आकडा आणि स्पर्शिका किती हे सांगणारा आकडा एकच आहे. (2, 4) घातलं तर 16 - 16, बिंदू कर्व्हवर, एकच n = 1. (3, 4) घातलं तर 16 - 24, ऋण, बिंदू आत, कितीही पट्टी फिरवा टेकणार नाही. आणि आपल्या (0, 4) ला 16 येतो, धन, म्हणजे दोन असायलाच पाहिजेत. "मला कळलं कसं असतं" या मुलीच्या प्रश्नाला हे दुसरं उत्तर, आणि मला वाटतं जास्त पक्कं. आधी k² - 8h काढायचा, किती येणार ते ठरवायचं, मग सोडवायचं. कमी आल्या तर परत शोधायचं.

त्या तासाला शेवटचं एक घातलं, बिंदू (-2, 3). k² - 8h म्हणजे 9 + 16, पंचवीस, दोन येणार. 2n² - 3n - 2 = 0, n = 2 किंवा n = -1/2. पहिली रेघ x = 2(y - 3) - 2, म्हणजे x = 2y - 8. तिनं लिहिलं आणि थांबली, मागची पानं उलटली.

"सर, ही कालचीच रेघ हाय की."

होतीच. y = x/2 + 4 आणि x = 2y - 8 एकच. (-2, 3) हा बिंदू आदल्या दिवशीच्या स्पर्शिकेवरच पडत होता, टेकायची जागा पण तीच (8, 8). त्याच ग्राफ पेपरवर तिनं फक्त दुसरी रेघ काढली, ती (1/2, -2) ला टेकली. मग कंपासमधनं गुण्या काढला आणि (-2, 3) वर दोन रेघांच्या मध्ये ठेवला. काटकोन बरोबर बसला.

"हे असंच येतंय का सर, का हाच आकडा असा हाय?"

मी तिला (-2, 5) आणि (-2, -1) दिले आणि n चा गुणाकार काय येतो ते बघ म्हटलं. दोन्ही वेळा -1 आला. मग तिनं स्वतःच 2n² - kn + h = 0 कडं बघितलं, गुणाकार h/2, h = -2, आणि k त्यात कुठं येतच नाही, हे बोट ठेवून शेजारणीला दाखवायला लागली.